आर्मेचरचे पैसे घेतले, बदलले फक्त कार्बन

पुण्यातल्या एका घरातला ७५० वॅटचा मिक्सर. ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना खालच्या जाळीतून पिवळ्या ठिणग्या दिसू लागल्या, जळका वास आला आणि वेग मंदावला. दुकानदाराने मिक्सर उघडलासुद्धा नाही. एकदा बटण फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आर्मेचर जळालंय. १,४५० रुपये होतील." दुसऱ्या दिवशी मिक्सर चालू होऊन परत आला. चार महिन्यांनी त्याच ठिणग्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा दुसऱ्या कारागिराने तो बाईंच्या समोर उघडला. आत आर्मेचर, म्हणजे मोटरचा तांब्याच्या तारांच्या कॉइल गुंडाळलेला फिरणारा भाग, जुनंच होतं. बदलली होती ती फक्त त्याला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनची जोडी, जी बाजारात साधारण ५० ते १५० रुपयांत मिळते.

ही फसवणूक इतकी सोपी आहे, कारण झिजलेला कार्बन आणि जळालेलं आर्मेचर या दोन्हींची बाहेरून दिसणारी लक्षणं जवळपास सारखी असतात. ठिणगी दोन्हींत उडते, वासही दोन्हींत येतो. मोटर उघडल्याशिवाय कुणीही ठामपणे निदान सांगत असेल, तर ते मान्य करू नका.

आधी ठिणगीकडे बघा. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनच्या कडेखाली बारीक निळसर ठिणग्या असतातच, त्यात काही बिघाड नाही. कार्बन झिजून आखूड झाला की मागच्या स्प्रिंगचा दाब कमी पडतो, तो कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, नीट टेकत नाही आणि ठिणग्या मोठ्या, पिवळट होतात. असा मिक्सर कधी चालतो, कधी बंद पडतो. थोडा हलवला की पुन्हा सुरू होतो. आर्मेचरची कॉइल शॉर्ट किंवा तुटलेली असेल तर ठिणगी कार्बनपाशी थांबत नाही. ती कम्युटेटरभोवती ओढली जाते आणि आगीचं कडं फिरताना दिसतं. शॉर्ट असेल तर रिकामं भांडं लावूनही मोटर घुरघुरते, दोन मिनिटांत तापते आणि तळाचं लाल ओव्हरलोड बटण उडतं.

वासातला फरकही कामाचा आहे. ठिणग्यांचा वास तिखट असतो आणि मोटर बंद केल्यावर थोड्या वेळात जातो. कॉइलवरचं वार्निश जळालं असेल तर दुसऱ्या दिवशीही जाळीपाशी नाक नेलं की करपलेला वास येतो. (रबरी कपलर घासला गेला तर रबर जळाल्याचा वास येतो, पण तो वरून, भांड्याच्या बुडाशी असतो.) तरीही वासावरून फक्त संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

खरा निकाल कार्बन आणि कम्युटेटर बघून लागतो. प्लग काढा, तळाचे स्क्रू सोडा आणि दोन्ही कार्बन बाहेर काढा. नव्याच्या तुलनेत एक तृतीयांशच उरला असेल, म्हणजे साधारण ५-६ मिलीमीटर, तर तो बदलायलाच हवा. दोन्ही सारखे झिजलेले नसतील तर जास्त आखूड असलेल्या बाजूची स्प्रिंग बोटाने दाबून बघा; ती जास्त तापून मऊ पडलेली असू शकते. मग शाफ्ट हाताने फिरवत कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या एकेक करून पाहा. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर ते चांगलं लक्षण आहे. बाकी पट्ट्या ठीक आणि शेजारशेजारच्या दोनच पट्ट्यांच्या कडा काळ्या, खाल्लेल्या असतील, तर तिथली कॉइल तुटल्याचा दाट संशय. वायंडिंगची टोकं एखाद्या जागी काळी, फुगलेली असतील तर शॉर्ट.

मल्टीमीटर असेल तर तो २०० ओहमवर ठेवा आणि लगतच्या दोन-दोन पट्ट्यांवर टोकं लावत पूर्ण फेरी घ्या. याच मिक्सरला २४ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक जोडीला १.० ते १.२ ओहम आले. मीटरच्या वायरींचेच त्यात साधारण ०.३ असतात. आकडा किती हे फारसं महत्त्वाचं नाही, तो सगळीकडे सारखा येणं महत्त्वाचं. कॉइल तुटलेली असती तर त्या जोडीवर एकदम १८-२० ओहम दिसले असते, कारण करंटला उरलेल्या सगळ्या कॉइलमधून उलटा फेरा मारावा लागतो. शॉर्ट असती तर आकडा वायरींच्या ०.३ कडे घसरला असता. शेवटी एक टोक पट्टीवर आणि दुसरं शाफ्टवर. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. थोडेच वेढे शॉर्ट असतील तर साध्या मीटरला ते कळत नाही. त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडचा ग्राउलर लागतो: आर्मेचर त्यावर ठेवून हॅक्सॉचं पातं फिरवलं की शॉर्ट असलेल्या खाचेवर ते थरथरतं.

आता आर्मेचर जुनंच आहे हे कसं कळलं? नव्या कम्युटेटरवर चार महिन्यांत तपकिरी पट्टा उमटतो, पण तांबं खोल झिजत नाही. इथे कार्बनच्या वाटेवर नख फिरवलं की कडेला पायरीसारखं अडकत होतं. अशी झीज व्हायला वर्षं लागतात. बसवलेला कार्बनही चुकीच्या मापाचा, पितळी होल्डरपेक्षा अरुंद होता. तो आत डुलत होता आणि तिरका झिजला होता. पुन्हा ठिणग्या उडण्याचं कारण हेच. पहिल्या दुकानात जुनं आर्मेचर मागितलं तेव्हा "भंगारात दिलं" असं उत्तर मिळालं. बिलावर फक्त "मोटर रिपेअर" लिहिलेलं, त्यामुळे हातात पुरावा काहीच नाही.

दुरुस्ती अगदी साधी होती. पट्ट्यांमधल्या फटींत बसलेली कार्बनची भुकटी कोरड्या टूथब्रशने काढली, कम्युटेटरवर बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवला (एमरी वापरू नये, तिचे कण फटींत अडकतात) आणि होल्डरमध्ये अलगद सरकेल पण डुलणार नाही असा कार्बन टाकला. नवा कार्बन टोकाला सपाट असतो, त्याला कम्युटेटरची गोलाई यायला वेळ लागतो. म्हणून रिकामं भांडं लावून, मध्ये थांबत, थोडी थोडी मिनिटं मिक्सर चालवला. सुरुवातीला ठिणग्या जास्त होत्या, मग बारीक निळ्या झाल्या.

याच्या उलटही फसवतात. आर्मेचर खरंच गेलेलं असताना नुसता कार्बन घालून देतात. खडबडीत पट्ट्या नवा कार्बन काही आठवड्यांत खाऊन टाकतात आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं. शिवाय झिजलेल्या कार्बनवरच मिक्सर रेटत राहिलात तर शेवटी आतली वायर किंवा स्प्रिंग तांब्यावर घासते, आणि मग आर्मेचरचा खर्च खराच येतो.

मिक्सर दुकानात देण्यापूर्वी तळ उघडता येत असेल तर आर्मेचरच्या लोखंडी भागावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा आणि फोटो काढून ठेवा. कम्युटेटर आणि वायंडिंगवर मात्र काही लावू नका. मिक्सर देतानाच सांगा: "जे बदलाल ते जुनं परत द्या, आणि बिलावर पार्टचं नाव लिहा." आर्मेचर बदललं असं सांगितलं तर घरी नेण्याआधी समोर तळ उघडायला लावा. ठिपका दिसला तर पैसे तिथेच परत मागा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते; बिल आणि फोटो हाताशी ठेवा.