स्विचवर A आणि B ची अदलाबदल: सिस्टीममधून करावी की गेममधून?

ज्यांचा हात पीएस२ किंवा एक्सबॉक्सवर बसला आहे, त्यांच्या अंगठ्याला 'हो' म्हणजे खालचं बटण. निन्टेंडोने मात्र १९९० च्या सुपर फॅमिकॉमपासूनची मांडणी कायम ठेवली आहे: A उजवीकडे, B खाली. म्हणून स्विचच्या मेनूत 'हो' उजवीकडे आणि 'मागे' खाली येतं. सवय मोडायची नसेल तर मार्ग दोन आहेत. एक, सिस्टीमच्या सेटिंगमधून संपूर्ण कंट्रोलरची बटणं अदलाबदल करणं. दुसरा, जिथे सोय आहे तिथे त्या त्या गेमच्या पर्यायांतून करणं.

सिस्टीमचा मार्ग एप्रिल २०२० च्या 10.0.0 अपडेटपासून आहे. System Settings > Controllers and Sensors > Change Button Mapping इथे कंट्रोलर निवडायचा, A ला B चं काम द्यायचं आणि मग B ला A चं. दुसरी पायरी विसरू नका. नुसतं B ला A केलं तर दोन्ही बटणं 'हो' म्हणतात आणि 'मागे' कुठेच उरत नाही. मेनूत शिरता येतं पण बाहेर पडता येत नाही, ही त्याची खूण. अशा वेळी स्विच डॉकमधून काढून टचस्क्रीनवर बोटाने मागे जावं आणि राहिलेली पायरी पुरी करावी. ही मांडणी कन्सोलमध्ये साठते, आणि तीही कंट्रोलरनिहाय. प्रो कंट्रोलरवर केलेला बदल जॉय-कॉनवर आपोआप येत नाही, आणि तुमचा कंट्रोलर मित्राच्या स्विचला जोडला तर तिथे तो मूळच्याच मांडणीने चालतो.

गेममधल्या पर्यायाची जमेची बाजू मोठी आहे: पडद्यावरची चिन्हंही बदलतात. 'B दाबा' असं लिहिलेलं असतं आणि बोटाखालीही B च असतं. सिस्टीममधून बदललं की गेमला त्याचा पत्ता नसतो. गेम A मागत राहतो आणि तुम्ही B छापलेलं बटण दाबत राहता. मेनूत हे दोन-चार दिवसांत अंगवळणी पडतं, पण अचानक एखादं बटण दाबायला सांगणाऱ्या प्रसंगात नजर आणि अंगठा यांची फारकत होते. हे खटकतं, नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही माझं पारडं सिस्टीमकडे फिरलं ते होम बटणामुळे. फक्त गेममधून बदललं तर गेममध्ये खालचं बटण 'हो' असतं. होम दाबून बाहेर आलं की तेच 'मागे' होतं, ईशॉपमध्येही 'मागे', आणि गेममध्ये परतलं की पुन्हा 'हो'. एका बैठकीत हे चार-पाच वेळा होतं. एकच उलटी सवय लावून घेता येते, पण दर काही मिनिटांनी बदलणारी सवय लागतच नाही. शिवाय कित्येक गेममध्ये ही सोय नसतेच.

सिस्टीमच्या अदलाबदलीत एक गोष्ट आधी तपासा: खेळताना अंगठा कोणत्या दोन बटणांवर एकदम टेकतो. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये A वेग आणि B ब्रेक. अदलाबदलीनंतर वेग खाली येतो आणि पीएस२ वर क्रॉस दाबून गाड्या पळवलेल्या हाताला तो तिथेच हवा असतो. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये मात्र अडतं. तिथे अंगठ्याचं टोक Y वर धावण्यासाठी आणि सांधा B वर उडीसाठी असतो. अदलाबदलीत उडी उजव्या टोकाला जाते, म्हणजे Y च्या बरोबर समोर. सुदैवाने तिथे X नेही धावता येतं, आणि X पासून उजव्या बटणाचा उतार Y पासून खालच्या बटणासारखाच आहे. अंगठा एक घर वर सरकवला की जुनी पकड जशीच्या तशी मिळते. जिथे धावायला फक्त Y आहे, तिथे हा उपाय नाही.

आणखी एक अपवाद म्हणजे डार्क सोल्स रीमास्टर्ड. त्याचा मेनू मुळातच B ने 'हो' म्हणतो, म्हणून सिस्टीमची अदलाबदल चालू असेल तर तिथे नेमकं उलटं होतं. एखादाच गेम उलटा वागू लागला तर सेटिंग बिघडली असं समजू नका, त्या गेमची मूळ मांडणी पाहा.

अशा गेमपुरतं मूळ मांडणीवर जाणं सोपं आहे, कारण तुमची मांडणी फेव्हरिट म्हणून सेव्ह करता येते, प्रत्येक प्रकारच्या कंट्रोलरसाठी पाचपर्यंत. रीसेट करून खेळायचं आणि नंतर फेव्हरिट परत लावायचं. तुम्ही महिनोन्महिने एकच गेम खेळत असाल आणि त्यात पर्याय असेल तर गेममधूनच बदला, चिन्हं तरी खरी राहतील. दर आठवड्याला गेम बदलत असाल, तर मी प्रो कंट्रोलरवर सिस्टीमची अदलाबदल लावेन आणि जॉय-कॉन घरातल्या इतरांसाठी मूळ मांडणीवर सोडेन.