दोन मसुदे: 1 कोटी 90 लाखांचं एक काम दाखवायचं, की स्वतःची तीन?

दारव्ह्याकडच्या एका ठेकेदार भाऊंना 2 कोटींच्या धान्य गोदामासाठी पूर्व-पात्रतेचा अर्ज भरायचा आहे. अट अशी: गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाचं 80 टक्के किमतीचं एक काम, नाहीतर 60 टक्क्यांची दोन, नाहीतर 40 टक्क्यांची तीन. त्यांच्या टेबलावर दोन मसुदे पडलेत.

पहिल्यात 1 कोटी 90 लाखांचं एकच मोठं गोदाम दाखवलंय. तिथे भाऊंची माणसं खरंच राबली, पण पोटठेक्यावर. पाया आणि आरसीसी त्यांचं, छताचे पत्रे आणि शटर दुसऱ्याचे. पूर्णत्वाचा दाखला मुख्य ठेकेदाराच्या नावावर आहे आणि भाऊंच्या आयकराच्या 26AS उताऱ्यात त्या कामाचे 62 लाखच दिसतात. छाननीत हे दोन कागद शेजारी ठेवले की विषय संपतो. बहुतेक निविदांत खोट्या माहितीला बयाणा जप्ती आणि काळी यादी लिहिलेलीच असते.

दुसऱ्यात स्वतःच्या नावावरची तीन गोदामं आहेत: 92 लाख, 85 लाख आणि 74 लाख. हवेत प्रत्येकी 80. तिसरं कमी पडतं म्हणूनच भाऊ पहिल्याकडे झुकले होते. पण या निविदेत जुन्या कामाची किंमत दरसाल 7 टक्के सरळ वाढीने आजच्या पातळीवर आणायची मुभा आहे. काम पूर्ण होऊन तीन वर्षं झाली, म्हणून 74 ला 1.21 ने गुणा, साडेएकोणनव्वद लाख होतात. मूळ आकडा आणि हा आकडा, दोन्ही लिहावेत. हे कलम नसेल तर मात्र हा हिशेब चालत नाही. पोटठेक्याचं काम हवं तर खाली वेगळं, 62 लाख आणि नेमकी आपली बाब असं लिहा.

यंत्रसामग्रीचं थोडक्यात. पहिल्यात 'दोन जेसीबी', दुसऱ्यात 'एक स्वतःचा, एक भाड्याचा, करारपत्र सोबत'. आरसी बुक बघितलं की पहिलं उघडं पडतं.

सुरक्षेच्या रकान्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिला मसुदा म्हणतो 'शून्य अपघात'. प्रत्यक्षात परांचीवरून एक मजूर पडला, मनगट मोडलं, महिनाभर घरी होता. दुसऱ्यात ते लिहिलंय, आणि पुढे: परांच्या बदलल्या, कठडा बांधला, तारीख अमुक. चाळीस माणसं, रोज आठ तास, वर्षाला 300 दिवस, तीन वर्षं, म्हणजे 2 लाख 88 हजार मनुष्यतास. दहा लाख तासांमागे हिशेब केला तर दर साडेतीनच्या आसपास येतो. आकडा मोठा दिसतो, कारण तास थोडे आहेत. म्हणून दरासोबत 'एक जखमी, मृत्यू नाही' आणि एकूण तास लिहावेत. हजेरीपट जोडता येईल तेवढेच तास धरावेत.

मी भाऊंना दुसराच द्या म्हटलं. 74 लाखांच्या कामाच्या दाखल्यावर पूर्णत्वाची तारीख पुसट आहे. ती आधी कार्यालयातून स्पष्ट करून घ्यायची, सोमवारी तेच काम.