नाक चोंदलंय? तीन बाटल्या, तीन वेगळी कामं

नाक चोंदतं तेव्हा बहुतेकांना वाटतं, आत शेंबूड अडकलाय. बऱ्याचदा अडथळा सुजेचा असतो. नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अडते. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं आणि परिणाम आठ-दहा तास टिकतो. सर्दीत झोपच लागत नसेल, तर दोन-तीन रात्रींसाठी हे उत्तम. पण रोज वापरलं की रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात. असर ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि त्या फुगवट्यावर आपण पुन्हा तेच थेंब घालतो. म्हणून तीन, फार तर पाच दिवस, मग थांबायचं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना तर मनाने देऊच नये.

समजा, सर्दीत कुणी याच औषधाचा फवारा दिवसातून दोनदा सुरू केला. आठवड्यात सर्दी गेली, शिंका थांबल्या, नाक वाहणंही थांबलं. चोंदणं तेवढं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात फवारा चार-पाच वेळा लागतोय, मध्यरात्रीही उठून बाटली शोधावी लागतेय. आता नाक सर्दीने नाही, औषधानेच चोंदतंय. ही खूण लक्षात ठेवा.

अशा वेळी स्टिरॉइड स्प्रे कामाला येतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा. तो सूज मुळातून कमी करतो, पण सावकाश. पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. ‘मारला तरी काही होत नाही’ म्हणत लोक तिसऱ्या दिवशी सोडतात, ते इथेच चुकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो दोन्ही नाकपुड्यांत सुरू करायचा आणि जुना फवारा आधी एकाच नाकपुडीत बंद करायचा. पहिल्या काही रात्री ती बाजू बंद राहील, पण श्वासाला दुसरी असते. बंद बाजू उघडू लागली की दुसरीकडचा फवाराही थांबवायचा. स्टिरॉइड मारताना उजव्या नाकपुडीसाठी डावा हात घ्या. टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळतं. सारखं पडद्यावरच मारत राहिलं तर नाकातून रक्त येऊ शकतं. ॲलर्जीमुळे महिनोन्महिने नाक चोंदत असेल, तर पहिल्यापासून हाच स्प्रे योग्य.

सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. ते सूज फारशी उतरवत नाही. घट्ट शेंबूड पातळ करतं, धूळ आणि परागकण धुऊन काढतं. हवं तितके दिवस वापरा, तान्ह्या बाळालाही चालतं. घरी नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं नको. स्टिरॉइडही घेत असाल तर आधी सलाइनने नाक धुवा, थोड्या वेळाने तो मारा. उलट केलंत तर औषधच वाहून जाईल.