शॉर्ट लिंकचे क्लिक की पानावरच्या भेटी: कोणता आकडा धरायचा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचा नवा कॅटलॉग दोन वाटांनी पाठवला: हॉटेलं आणि हॉस्पिटलांच्या 120 खरेदी विभागांना मेलने, आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दोन्हीकडे वेगळी शॉर्ट लिंक दिली होती. संध्याकाळी शॉर्ट लिंकच्या डॅशबोर्डवर मेलचे 164 क्लिक दिसले, व्हॉट्सअॅपचे 71. आमच्या वेबसाइटच्या अॅनालिटिक्समध्ये मात्र मेलवरून आलेले 22 आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले 58. पुढचा खर्च कुठे करायचा, याची दोन उलटी उत्तरं हातात होती.

शॉर्ट लिंकचा सर्व्हर कोणीही पत्ता मागितला की एक क्लिक धरतो आणि पुढे पाठवून देतो. मागणारा माणूस आहे की प्रोग्रॅम, हे त्याला नीट कळत नाही. अॅनालिटिक्सचा आकडा तेव्हाच वाढतो, जेव्हा पान ब्राउझरमध्ये उघडून त्यातली स्क्रिप्ट चालते. बहुतेक बॉट ती चालवतच नाहीत.

मेलचा आकडा एवढा का फुगला, ते वेळ पाहिल्यावर उलगडलं. मेल गेला 11:05 ला, आणि 11:07 पर्यंत 131 क्लिक झाले होते. बरेचसे व्हर्जिनिया आणि डब्लिनचे. तिथे आमचं एकही गिऱ्हाईक नाही. कंपन्यांच्या मेलवर बसवलेले सुरक्षा स्कॅनर मेल पोचताच आतली प्रत्येक लिंक उघडून तपासतात, तेही डेटा सेंटरमधून. मेलमधल्या कॅटलॉग, दरपत्रक आणि पत्ता या तिन्ही लिंका एकाच सेकंदात उघडल्या गेल्या, तर तो माणूस नव्हे. ‘युनिक क्लिक’चा रकाना इथे कामाला येत नाही, कारण हे स्कॅनर वेगवेगळ्या आयपीवरून येतात.

व्हॉट्सअॅपवर असं होत नाही. तिथे लिंकचं प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवरच तयार होतं, ग्रुपमध्ये दोनशे जण असले तरी. म्हणून तिथे दोन आकड्यांत फरक थोडा. मेलमध्ये मात्र स्कॅनर प्रत्येक पत्त्यामागे असू शकतो. या दोन वाटांची तुलना शॉर्ट लिंकच्या आकड्यावर करणं म्हणूनच चुकीचं आहे, नुसतं ढोबळ नव्हे.

पहिली दोन मिनिटं वगळली तर मेलचे 33 क्लिक उरतात. त्यात उशिरा आलेले स्कॅनर असतील, आणि लगेच मेल उघडणारा एखादा खरा ग्राहक गळलाही असेल. उलट अॅनालिटिक्सचे 22 थोडे कमी असणार: अॅड ब्लॉकर लावलेले, पान उघडायच्या आत परतलेले त्यात येत नाहीत. मी मेलचे वाचक बावीस ते तेहेतीसच्या दरम्यान धरले.

वाटांची तुलना करायची असेल तर पानावरचाच आकडा घ्या, आणि शॉर्ट करण्याआधी पानाच्या मूळ लिंकच्या शेवटी `?utm_source=mail` किंवा `?utm_source=whatsapp` जोडा. शॉर्ट लिंक थेट पीडीएफवर नेत असेल तर हा उपाय चालत नाही; पीडीएफमध्ये अॅनालिटिक्सची स्क्रिप्ट नसते. आम्ही आता आधी एक साधं पान देतो आणि त्यावर ‘कॅटलॉग उघडा’ हे बटण. शॉर्ट लिंकचा डॅशबोर्ड फक्त लिंक चालू आहे ना, एवढं पाहायला ठेवला आहे.