५० मेगापिक्सेल म्हणून गळ्यात मारलेला फोन, घ्यायच्या आधी हे वाचा

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी नवीन फोन घ्यायचाच होता म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो, नाव नाही घेत. दुकानदार म्हणाला मालक हा घ्या, ५० मेगापिक्सेल, तुमच्या भावाकडचा जुना १२ चाच आहे की. मी विचारलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये याची सोय, आहे का, तर "आहे की ओ". मग भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून झूम करून दाखवला, बारीक अक्षरं पण स्वच्छ, आणि मी पैसे दिले. दुकानात डोक्यावर दहा ट्यूबा जळत होत्या हे तेव्हा डोक्यात नाही आलं बघा.

गड्ड्यात रात्री तळ्याच्या कडेनं सिद्धेश्वर मंदिराची लायटिंग दोघांनी काढली. माझ्या फोटोत शिखराच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या, काळ्या पाण्यात रंगीत दाणे. भावाच्यात कळसापर्यंत सगळं स्पष्ट. घरी येऊन दोन्हीचे डिटेल्स उघडले. माझा शटर १/३० सेकंद, आयएसओ ३२००, म्हणजे उजेड कमी पडला म्हणून फोननं फोटो जबरदस्ती उजळला, दाणे त्यातनंच. त्याचा १/१० आणि आयएसओ १०००. म्हणजे त्याच्या फोननं तिप्पट वेळ उजेड आत घेतला न् तरी हलला नाही, कारण त्याच्यात ओआयएस आहे, लेन्सच हाताच्या थरथरीच्या उलट सरकते. माझ्यात निघालं ईआयएस, ते व्हिडिओच्या कडा कापून हलणं लपवतं, फोटोला त्याचा काय उपयोग नाही. दुकानदार खोटं बोलला नाही, पण खरंपण नाही.

अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, दोन्हीचं एफ १.८, त्यामुळं मला वाटलं उजेड सारखाच येणार. पण सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारी चिप, माझा १/२.७६ इंचाचा न् त्याचा १/१.७६ चा, इथं खालचा आकडा मोठा म्हणजे सेन्सर बारका, हे उलटंच आहे. क्षेत्रफळ काढलं तर त्याचा जवळजवळ अडीच पट. अपर्चर सारखं असलं तरी मोठ्या परातीत पाऊस जास्तच साठणार ना.

आणि कहर म्हणजे माझ्या फोटोची साईज ४०८० × ३०७२, म्हणजे साडेबाराच मेगापिक्सेल! पिक्सेल इतके बारके की फोन चार-चार मिळून एक करतो. पूर्ण ५० चा मोड वेगळा आहे, रात्री तो लावला तर अजून घाण.

एक सांगतो, नंदीध्वजाची मिरवणूक भावाच्या फोनमध्येपण पुसटच आली, माणूस चालत असला की ओआयएस काय करणार.

आता कोणी घेणार असाल तर दुकानात काउंटरच्या खाली अंधारात फोटो काढा, डिटेल्समध्ये शटर न् आयएसओ बघा, आणि ओआयएस हा शब्द कंपनीच्या साईटवर मेन कॅमेऱ्यापुढं लिहिलाय का ते तिथंच उघडून बघा. मी परत द्यायला गेलो तर दुकानदार हसत म्हणाला, "मालक, डब्यावर ५० लिहिलंय, ५० दिलंय की."