विडी सोडायला गम, पॅच, गोळी की नुसता सल्ला?

निपाणीच्या एका वाचकाने विचारलंय: वडिलांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, उठल्यावर पाच मिनिटांत विडी लागते, काय निवडावं?

ती पाच मिनिटंच महत्त्वाची. अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी म्हणजे निकोटिनची पकड घट्ट. डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावून सोडायची तारीख ठरवणं फुकट आहे आणि हवंच, पण अशा माणसाला तेवढं सहसा पुरत नाही.

निकोटिन गम त्यांना ४ मिलिग्रॅमचा लागेल. पानासारखा चघळत राहिलं की निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि लोक गम टाकून देतात. थोडा चावून, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा. चहानंतर पंधरा मिनिटं नाही. दात हलत असतील तर त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच बरा, वर तलफेला तोंडात विरघळणारं निकोटिन लॉझेंज.

गोळी म्हणजे व्हॅरेनिक्लिन, निकोटिनची तलफ कमी करणारं औषध. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. पहिला आठवडा डोस वाढवत नेतात, आठव्या दिवशी विडी बंद, एकूण १२ आठवडे. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. एकट्या पॅचपेक्षा ही गोळी सरस. पॅच-लॉझेंजची जोडी मात्र तिच्या जवळपास पोचते.

मूत्रपिंड ठीक असेल तर या वडिलांना मी गोळीच सुचवेन, मळमळ सोसली नाही तर जोडी. दिवसाला दोन-चारच विड्या, त्याही दुपारनंतर ओढणाऱ्याने आधी सल्ला आणि पाठपुराव्याचे फोन यांवर भर दिला तरी चालेल.