Km काढायचा आहे: दुहेरी व्यस्त आलेख घ्यावा की हेन्सचा?

आकडे हातात आहेत, सबस्ट्रेटच्या पाच सांद्रता आणि पाच वेग. आता Vmax आणि Km काढायचे तर समोर दोन सरळ रेषा असतात. एक लाइनवीव्हर आणि बर्क यांची, 1934 सालची: 1/v विरुद्ध 1/s. दुसरी हेन्सच्या नावाची: s/v विरुद्ध s. समीकरण एकच, फक्त मांडणी वेगळी. बिनचूक आकडे घातले तर दोन्हींतून तेच उत्तर येतं. फरक पडतो तो आकडे जरासे चुकल्यावर, आणि प्रयोगशाळेत ते चुकतातच.

उदाहरण अल्कलाइन फॉस्फटेजचं घेऊ. सबस्ट्रेट पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट. पिवळा रंग 405 नॅनोमीटरला वाचायचा. हिशेब नजरेत राहावा म्हणून Vmax 60 मायक्रोमोलर प्रतिमिनिट आणि Km 0.5 मिलिमोलर धरू. मग 0.1, 0.25, 0.5, 1 आणि 2.5 मिलिमोलरला वेग अनुक्रमे 10, 20, 30, 40 आणि 50 येतात.

दुहेरी व्यस्त आलेखात आडव्या अक्षावर हे बिंदू 10, 4, 2, 1 आणि 0.4 वर पडतात. चार बिंदू डावीकडे दाटीने बसलेले आणि पाचवा एकटा लांब उजवीकडे. रेषेचा कल मुख्यतः हा एकटा बिंदूच ठरवतो. तो सर्वांत कमी सबस्ट्रेटचा, म्हणजे ज्याचं रीडिंग सर्वांत कमी भरवशाचं. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

आता पहिला वेग 10 ऐवजी 9 वाचला गेला आणि बाकी चारही अचूक आहेत असं समजा. 1/v तिथे 0.100 वरून 0.111 होतो. रेषा पुन्हा बसवली की उभ्या अक्षावरचा छेद 0.0167 वरून 0.0147 वर घसरतो. Vmax येतो 68 आणि Km 0.65. वेगाच्या एकाच युनिटची चूक, आणि Km जवळजवळ 30 टक्क्यांनी वर गेला. सर्वांत वाईट म्हणजे आलेखाकडे पाहून काहीच शंका येत नाही. R² 0.998 दिसतो, कारण त्या लांबच्या बिंदूने रेषा स्वतःकडे ओढून घेतलेली असते आणि मग तो रेषेवरच असल्यासारखा दिसतो.

हेच आकडे हेन्सच्या मांडणीत घाला. पहिल्या बिंदूचा s/v 0.0100 ऐवजी 0.0111 होतो. इथे कलातून Vmax मिळतो (1 भागिले कल) आणि छेदाला कलाने भागलं की Km. उत्तर: Vmax 60.8, Km 0.53.

याचं कारण सरळ आहे. वेगातली चूक सगळीकडे सारखी, समजा 1 युनिट, असली तर 1/v मधली चूक साधारण 1/v² च्या प्रमाणात वाढते. वेग 10 आणि वेग 50 यांच्यात ती 25 पट वेगळी होते. s/v मधली चूक s/v² प्रमाणे जाते. वरच्या पाच बिंदूंसाठी हे गुणोत्तर काढलं तर सर्वांत मोठं सर्वांत लहानाच्या दुपटीपेक्षाही कमी भरतं. म्हणजे साधी लीस्ट स्क्वेअर्सची रेषा सगळ्या बिंदूंना जवळपास न्यायाने वागवते.

चूक टक्क्यांत सारखी असेल, म्हणजे वेग जास्त तर चूकही तेवढीच जास्त, तर हेन्सचा हा फायदा बराच ओसरतो. आणि चूक उजव्या टोकाला झाली तर पारडं उलटतं. 2.5 मिलिमोलरला 50 ऐवजी 49 वाचले तर दुहेरी व्यस्तात Vmax 59.5 आणि Km 0.49 राहतात, तर हेन्समध्ये 58.5 आणि 0.48. पण हा तोटा किती छोटा आहे ते बघा. शिवाय हेन्सच्या दोन्ही अक्षांवर s असतो, त्यामुळे सांद्रता चुकीची बनवली असेल तर बिंदू दोन्ही दिशांना सरकतो. म्हणून स्टॉक नीट मोजलेला हवा.

व्यवहारात चूक बहुतेक डाव्या टोकाला आणि खालच्याच दिशेला होते. 0.1 मिलिमोलर म्हणजे क्युवेटमध्ये फक्त 100 मायक्रोमोलर सबस्ट्रेट. मिनिटाला 10 मायक्रोमोलर या गतीने तो संपत जातो आणि वेग उतरत जातो. दोन मिनिटांची सरासरी घेतली तर वेग 9.2 भरतो, तीन मिनिटांची घेतली तर 8.8. सुटलेला फॉस्फेट एन्झाइमला अडवतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी खाली. वर रंगवलेली 9 ची चूक कुठून येते हे यावरून कळेल. ओळखायची खूण: त्या क्युवेटची शोषणाची रेषा वेळेबरोबर किंचित वाकते. उपाय म्हणजे पहिल्या 30 सेकंदांचाच कल घेणे, किंवा एन्झाइम चौपट पातळ करून तीच दोन मिनिटं मोजणे. पातळ केलं तर पाचही क्युवेटमध्ये तेवढंच करायचं, नाहीतर Vmax ला अर्थ उरत नाही.

मग दुहेरी व्यस्त आलेख कुणी घ्यावा? इनहिबिटरचा प्रकार दाखवायचा असेल तर तो डोळ्यांना फार सोपा पडतो. स्पर्धात्मक असेल तर रेषा उभ्या अक्षावर भेटतात, शुद्ध अस्पर्धात्मक असेल तर आडव्या अक्षावर. त्यासाठी तो काढावाच, फक्त त्यावरून आकडे वाचू नयेत. जास्त सबस्ट्रेटने एन्झाइम दबत असेल तर मात्र तो बाक दुहेरी व्यस्तात उभ्या अक्षापाशी चार बिंदूंच्या गर्दीत लपतो. हेन्समध्ये तोच उजवीकडे मोकळ्या जागेत रेषेपासून वर उचललेला दिसतो.

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात s, B मध्ये v, C मध्ये A/B ठेवा आणि:

```
=1/SLOPE(C2:C6,A2:A6)
=INTERCEPT(C2:C6,A2:A6)/SLOPE(C2:C6,A2:A6)
```

पहिल्या ओळीतून Vmax, दुसरीतून Km. सॉल्व्हर वापरता येत असेल तर v = Vmax·s/(Km+s) हा वक्र थेट बसवणं दोन्हींहून सरस; वरच्या चुकीच्या आकड्यांवर त्यातून साधारण 60.5 आणि 0.52 मिळतात. सुरुवातीचे अंदाज म्हणून हेन्सचेच आकडे द्यावेत.

प्रात्यक्षिकाच्या वहीत दुहेरी व्यस्तच मागितला असेल तर तो काढा, पण रेषा बसवताना प्रत्येक बिंदूला v⁴ इतकं वजन द्या. इथे 2.5 मिलिमोलरच्या बिंदूला 0.1 मिलिमोलरच्या बिंदूच्या 625 पट वजन असायला हवं, तर साधी लीस्ट स्क्वेअर्सची रेषा दोघांना एकच देते. वजन देण्याची सोय नसेल तर निदान सांद्रता बदला: सर्वांत खालचा बिंदू Km च्या निम्म्याखाली नेऊ नका आणि वरचा पाचपटीच्या पुढे न्या.